तारीख उलटल्यावर

नोकरीची जाहिरात आपण वरून खाली वाचतो. पद कोणतं, पगार किती, शिक्षण काय लागतं, अनुभव किती वर्षांचा, हे सगळं वाचता वाचता डोळे दमतात आणि मग तळाची ओळ येते. अर्ज अमुक तारखेपर्यंत पोहोचावेत. वाचायची खरी सुरुवात त्या ओळीपासून करावी, असं मी आता घरातल्या मुलींना सांगते. पण सांगून काय उपयोग? जाहिरात हातात येते तेव्हा ती ओळ बरेचदा शिळी झालेली असते. मग प्रश्न पडतो, तारीख गेली, आता बायोडाटा पाठवावा की नाही? विचारावं की नाही? विचारलं तर लोक हसतील का?

या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण तारखा दोन जातीच्या असतात. आमच्या घरी सूर्यास्ताच्या आत जेवायची रीत आहे. सूर्य मावळायची वेळ काही मी ठरवलेली नाही. पाहुणा कितीही जवळचा असो, त्याच्यासाठी ती पाच मिनिटं पुढे सरकत नाही. पण दुपारच्या जेवणाची साडेबाराची वेळ मात्र माझी आहे, माझ्या सोयीची. एकला कुणी आलं तर भाकरी तव्यावर टाकता येते. तीनला आलं तर भांडी घासून झालेली असतात, तरीही चटणी-भाकरी निघतेच; फक्त येणाऱ्यानं गरम आमटीची अपेक्षा करू नये. नोकरीच्या जाहिरातीतली तारीख सूर्यास्ताची की साडेबाराची, हे आधी ओळखायचं.

ओळखायची खूण त्या ओळीच्या शब्दांतच असते. ‘मुदतीनंतर आलेले अर्ज विचारात घेतले जाणार नाहीत’ असं छापलेलं असेल तर दार लावून घेतलंय असं समजावं. ‘आठ दिवसांच्या आत अर्ज करावेत’ एवढंच असेल तर दार लोटलेलं आहे, कडी घातलेली नाही. ‘जागा भरेपर्यंत’ असं असेल तर मुदत नाहीच, उगाच घाबरू नये. आणि तीच जाहिरात पुढच्या आठवड्यात पुन्हा आली तर समजावं, मनासारखं माणूस अजून मिळालेलं नाही.

आमच्या धाकट्या बहिणीची मुलगी बेळगावातच असते. बी.कॉम. झालेली, लग्नाआधी तीन वर्षं एका दुकानाचे हिशेब बघत होती. मग लग्न, दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण. नऊ वर्षं घरात गेली. धाकटा शाळेत जायला लागला आणि नवऱ्याच्या कामाचा भरवसा राहिला नाही, तेव्हा तिनं पुन्हा नोकरी शोधायचं ठरवलं. गावातल्या एका खासगी शाळेला हिशेबनीस मदतनीस हवी होती. जाहिरात रविवारच्या पेपरात आली होती. तिच्यापर्यंत ती पोहोचली पुढच्या सोमवारी रात्री, कुणीतरी कात्रणाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला तेव्हा. फोटो काढणाऱ्यानं खालची बाजू कापली होती. हिनं रात्रभर बसून बायोडाटा तयार केला, मंगळवारी सकाळी शेजाऱ्यांकडून जुना पेपर आणून बघितला, तर शेवटची तारीख शनिवारचीच. तीन दिवस उलटून गेलेले.

ती माझ्याकडे आली ती रडायच्या बेतातच. म्हणाली, “मावशी, नऊ वर्षांनी एक जागा माझ्यासारखीला जमणारी निघाली. शाळेची वेळ, मुलांच्या शाळेची वेळ एकच. आणि तीसुद्धा गेली बघ.”

तिचे वडील, म्हणजे आमचे भावजी, बरोबर होते. ते म्हणाले, “मुदत संपली म्हणजे संपली. आता विचारायला जाणं म्हणजे आपलं हसं करून घेणं.”

मला तसं वाटलं नाही, कारण मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही बसलेली आहे. आमच्या महिला मंडळाची एक बालवाडी आहे. तिच्या समितीवर मी काही वर्षं होते. एकदा शिक्षिका हवी होती, आम्ही पंधरा तारखेपर्यंत अर्ज मागवले. पंधराच का? त्यामागे काही मुहूर्त नव्हता. वीस तारखेला समितीची बैठक होती आणि त्याआधी अर्ज वाचायला चार दिवस हवेत, एवढाच हिशेब. पंधरा तारखेला संध्याकाळी कुणी गठ्ठ्याला सील ठोकलं नाही. तो माझ्या कपाटात तसाच पडून होता. सतरा तारखेला मी आणि आमच्या चिटणीस बाई बसलो आणि अर्जांचे तीन ढीग केले. पहिला, बोलवायचेच असे. दुसरा, बघू असे. तिसरा, नकोत असे. अठरा तारखेला पहिल्या ढिगातल्या बायकांना फोन केले, वीसला मुलाखती.

आता यात उशिरा आलेल्या अर्जाची गोष्ट कशी होते ते बघा. सोळा तारखेला आलेला अर्ज आम्हाला काहीच महाग पडत नव्हता. गठ्ठ्यात सरकवला की झालं. सतरा तारखेनंतर आला तर पुन्हा ढीग काढायचा, पुन्हा दोघींनी बसायचं. म्हणजे अर्ज तसाच चांगला असला पाहिजे. फोन करून झाल्यावर आला तर अडचण खरी, कारण ज्यांना बोलावलं त्यांचा वेळ आपण मागितलेला असतो. आणि मुलाखती झाल्यावर, निवड ठरल्यावर आला तर त्याचा काही उपयोग नाही, तो पुढच्या वेळेसाठी फाइलला लावायचा. म्हणून तारीख उलटल्यावर पहिला प्रश्न ‘किती दिवस उलटले’ हा नसतो. तिकडचं काम कुठवर आलंय, हा असतो. दोन दिवसांनीही उशीर झालेला असू शकतो आणि दहा दिवसांनीही झालेला नसतो.

त्या वेळी आमच्याकडे तीन अर्ज उशिरा आले होते. त्यातला एक समितीतल्याच एका बाईंच्या ओळखीचा. त्या म्हणाल्या, हा एवढा घेऊ या. तेव्हा आमच्या अध्यक्षबाईंनी जे सांगितलं ते मी विसरले नाही. म्हणाल्या, “घ्यायचे तर तिन्ही घ्या, नाहीतर एकही नको. आणि घेतले असं वहीत लिहा.” तिन्ही घेतले. ओळखीचा होता तो तिसऱ्या ढिगात गेला, ती गोष्ट वेगळी.

एवढं माहीत असल्यामुळे मी भाचीला म्हटलं, विचारू या. पण विचारायचं कसं, ते नीट ठरवून.

तिनं मोबाइलवर एक मजकूर आधीच लिहून ठेवला होता. दीड पान. त्यात कात्रणाचा फोटो कापलेला कसा आला, मुलाला ताप कसा होता, नऊ वर्षं घरात कशी गेली, घरची परिस्थिती काय आहे, सगळं होतं. शेवटी कुठेतरी ‘कृपया माझा अर्ज स्वीकारावा’. वाचून माझ्या पोटात कालवलं, पण मी मावशी होते म्हणून. वाचणारी कारकून बाई मावशी नसते. तिच्यासमोर चाळीस ईमेल असतात. तिला तीन गोष्टी चटकन कळायला हव्यात: कुठल्या जागेसाठी, काय विचारताय, आणि तुम्ही कामाच्या आहात की नाही.

मग आम्ही दोघींनी बसून ते सहा ओळींवर आणलं. पत्र इंग्रजीत गेलं, त्याचा अर्थ असा होता:

‘विषय: हिशेबनीस मदतनीस या पदासाठी मुदतीनंतरच्या अर्जाबाबत विचारणा. अमुक तारखेच्या पेपरातली आपली जाहिरात मी आज पाहिली. अर्जाची मुदत गेल्या शनिवारी संपली आहे, याची मला कल्पना आहे. छाननी अजून पूर्ण झाली नसेल तर माझ्या अर्जाचा विचार होऊ शकेल का, हे कृपया कळवावे. मी बी.कॉम. असून तीन वर्षे रोजकीर्द, खतावणी आणि बँकेच्या हिशेबाचा ताळमेळ हे काम केले आहे, टॅली येते. बायोडाटा सोबत जोडला आहे. या आठवड्यात कोणत्याही दिवशी मुलाखतीला येऊ शकेन. विचार होणे शक्य नसल्यास पुढील जागेसाठी बायोडाटा आपल्याकडे ठेवावा ही विनंती.’

प्रत्येक वाक्यावर आमची थोडी हुज्जत झाली. मुदत संपल्याचं आपणच कशाला सांगायचं, असं ती म्हणत होती. कदाचित त्यांच्या लक्षातही येणार नाही! येतंच. ईमेलवर तारीख वेळेसकट छापलेली असते. आणि हिशेबाच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्या बाईनं तारीख बघितलीच नाही, असं त्यांना वाटणं तर सगळ्यात वाईट. कारण मी एका ओळीवर आणलं. ‘आज पाहिली’ यात सगळं आलं आणि ते खरंही होतं. मुलाच्या तापाची ओळ मी काढायला लावली, कारण जाहिरात सोमवारी रात्री मिळाली, तापानं काही उशीर झाला नव्हता. कारण एकच असावं. दोन दिली की दोन्ही खोटी वाटतात.

बायोडाटा बरोबरच जोडायचा, हेही मी ठरवून सांगितलं. नुसतं ‘पाठवू का’ विचारलं तर त्यांना उत्तर द्यायचं एक काम आणि मग पुन्हा वाचायचं दुसरं काम. जोडलेला असला तर ज्या घटकेला त्या बाई ईमेल उघडतील त्याच घटकेला ढीग ठरतो. बायोडाट्यात नऊ वर्षांची मोकळी जागा होती. तिथं आम्ही ‘कौटुंबिक जबाबदारी’ असे दोनच शब्द आणि साल लिहिलं. झाकलं नाही, पसरलंही नाही.

ईमेल मंगळवारी दुपारी गेला. बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास तिनं जाहिरातीतल्या नंबरवर फोन केला. शाळा भरायच्या वेळेला नाही आणि सुटायच्या वेळेलाही नाही. फोनवर गयावया करायची नाही, एवढंच विचारायचं, हे ठरलं होतं: “काल ईमेल पाठवलाय, मुदतीनंतरचा आहे. छाननी झाली का?” पलीकडच्या बाई म्हणाल्या, छाननी शुक्रवारी आहे, मुख्याध्यापकांना विचारून सांगते. एवढं ऐकल्यावर पुन्हा फोन करायचा नाही, असं मी बजावलं. एकदा विचारलेलं लक्षात राहतं. तीनदा विचारलेलंही लक्षात राहतं, पण वेगळ्या कारणानं.

मधल्या दोन दिवसांत एक नवीनच प्रकरण निघालं. भावजींच्या ओळखीचा एक माणूस त्या कार्यालयात ये-जा करणारा. त्यानं निरोप दिला की कागदी अर्ज घेऊन या, आवक रजिस्टरात शनिवारच्या पानावर एक ओळ मोकळी आहे, तिथं चढवून देतो. विचारायला जाणं म्हणजे हसं करून घेणं म्हणणारे आमचे भावजी एकदम हुशारले. मला म्हणाले, “ताई, कुणाचं काय जातंय? एक ओळ तर आहे.”

काय जातंय ते मी त्यांना सांगितलं. एक तर मंगळवारचा ईमेल तिकडे पोहोचलेला आहे, ज्यात हिनं स्वतःच लिहिलंय की मुदत संपलीय. शनिवारचा शिक्का आणि मंगळवारचा ईमेल शेजारी ठेवले की खोटं आपोआप बोलतं. पण ईमेल नसता तरी मी नको म्हटलं असतं. हिशेबाची नोकरी खोट्या तारखेवर लागली तर पुढे ज्यानं ओळ चढवली तो माणूस रोज समोर येणार. आज त्यानं तारीख मागे नेली, उद्या तो हिला एखादं व्हाउचर मागच्या तारखेचं करायला सांगेल, तेव्हा ही कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? भाचीच म्हणाली, “नको पप्पा. उशिराच तर उशिरा.” मला तिचं ते वाक्य आवडलं.

यावरून मग भावजींनी सरकारी जागांचा विषय काढला, कारण आदल्याच महिन्यात हिची एका सरकारी परीक्षेची तारीख गेली होती आणि त्यांना वाटत होतं, तिथंही असंच पत्र टाकू या. तिथं मात्र मी ठाम नाही म्हटलं. ती तारीख सूर्यास्ताची. ऑनलाइन अर्ज ठरल्या वेळेला बंद होतो. अर्ज भरला आणि शुल्क भरायचं राहिलं तरी तो अपुराच धरतात. तिथल्या अधिकाऱ्याच्या मनात असलं तरी त्याच्या हातात काही नसतं. मुदत वाढलीच तर ती रीतसर सूचना काढून, सगळ्यांसाठी वाढते. एकट्या कुणासाठी नाही. म्हणून तिथं करण्यासारखी गोष्ट एकच: त्यांच्या संकेतस्थळावर मुदतवाढीची सूचना लागलीय का, ते दोन-चार दिवस बघत राहणं.

भावजींना हे कठोर वाटलं. पण यामागचं कारण ऐकण्यासारखं आहे. जम्मू-काश्मीरमधल्या कनिष्ठ अभियंत्यांच्या भरतीचा एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. काही उमेदवारांचा पदवीचा निकाल अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतर, पण मुलाखतीच्या आधी लागला होता. त्यांना मुलाखतीला बसू दिलं होतं. न्यायालयानं आधी ते चालवून घेतलं, पण 1997 साली फेरविचारात निकाल फिरवला. पात्रता शेवटच्या तारखेलाच बघायची. का? तर जाहिरात म्हणजे साऱ्या लोकांना दिलेला शब्द असतो. ज्यांचा निकाल लागायचा होता अशा कितीतरी मुलांनी ती तारीख वाचून, आपण बसत नाही म्हणून अर्जच केला नसेल. तारीख मोडून एकाला आत घेतलं की त्या प्रामाणिकपणे बाहेर राहिलेल्यांवर अन्याय होतो. ती मुलं कुणाला दिसत नाहीत, तक्रारही करत नाहीत. पण ती असतात.

सवलत द्यायचीच तर ती आधी छापून द्यावी. मी कॉलेजात होते तेव्हा केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या जाहिरातीत आसाम, मेघालय, अंदमान, लक्षद्वीप अशा लांबच्या भागांतून टपालानं येणाऱ्या अर्जांना काही दिवस जास्त मिळत. टपालाला वेळ लागतो हे खरं, म्हणून नियमातच जागा ठेवलेली. मागाहून कुणाच्या शब्दावर नाही. आमच्या अध्यक्षबाईंचं ‘तिन्ही घ्या नाहीतर एकही नको’ हे त्याच जातीचं शहाणपण होतं.

शाळेचं उत्तर गुरुवारी संध्याकाळी आलं. दोनच ओळी. वेळेवर आलेल्या अर्जांचा विचार आधी होईल. योग्य उमेदवार न मिळाल्यास आपला अर्ज पाहिला जाईल. भावजींनी ते नकार म्हणून वाचलं. मी म्हटलं, नकार असा नसतो. नकार ‘आपला बायोडाटा आमच्या नोंदीत ठेवला आहे’ असा असतो, त्यानंतर शक्यतो काही येत नाही. हे तर रांगेच्या शेवटी उभं राहायची परवानगी आहे. उशिरा आलेल्याला याहून जास्त मागायचा हक्क नाही, आणि कुणी जास्त दिलं तर ते कुणाच्या तरी वाट्याचं असतं.

पुढचा आठवडा काहीच नाही. त्याच्या पुढच्या बुधवारी फोन आला, उद्या मुलाखतीला याल का. वेळेवर आलेल्यांतल्या दोघींना टॅली येत नव्हतं आणि एकीला पूर्ण वेळ जमत नव्हता, असं नंतर कळलं. मुलाखतीत मुख्याध्यापकांनी तिला पहिलंच विचारलं, “उशीर का झाला?” तिनं ती एक ओळ सांगितली आणि गप्प बसली. मग त्यांनी तिला फीच्या पावत्यांचा एक दिवसाचा गठ्ठा देऊन बेरीज आणि बँकेचं चलन जुळवायला लावलं. एका पावतीचा आकडा दोनदा धरला होता, तो तिनं शोधला.

जागा मात्र तिला मिळाली नाही. ती आधीच्या अर्जांतल्याच एका अनुभवी बाईंना गेली, आणि माझ्या मते ते योग्यच झालं. परीक्षांच्या फीचं काम वाढतं म्हणून तिला चार महिन्यांसाठी हंगामी घेतलं, पगार जाहिरातीतल्यापेक्षा कमी. भावजी कुरकुरले. भाची मात्र पहिल्या तारखेला डबा घेऊन गेली. नऊ वर्षांच्या मोकळ्या जागेखाली बायोडाट्यात आता एक ताजी ओळ येईल, तिचा तिला जास्त आनंद होता.

परवा ती दुसऱ्या एका संस्थेची जाहिरात घेऊन आली होती. मी चष्मा लावायच्या आत तिनंच तळाची ओळ वाचून दाखवली. मुदतीला अजून सहा दिवस होते.